ते चार दिवस अण्णा गप्प का राहिले

"माझे वडील ७४ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आईबरोबर सांगली जिल्ह्यातल्या गावी राहतात, मी पुण्यात. गेल्या महिन्यात संध्याकाळी त्यांना 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल' असा मेसेज आला. त्यातल्या नंबरवर त्यांनी फोन केला, सांगितलेलं अ‍ॅप टाकलं, दहा रुपये भरले आणि खात्यातून ४८,५०० रुपये गेले. चार दिवस त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पासबुक भरून आणल्यावर आईला कळलं, तिच्याकडून मला. मी फोनवर खूप बोललो. 'इतका शिकलेला माणूस असं कसं करतो' असंही बोलून गेलो. सावधगिरीच्या सूचनांचे मेसेज मी त्यांना आधीपासून पाठवत होतो, आता रोज पाठवतो. ते फक्त अंगठा पाठवतात, माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचं यूपीआय बंद करून सगळे व्यवहार माझ्याकडे घ्यावेत असं वाटतं. त्यांना पुन्हा सावध करायचं तर कसं?"
— एक मुलगा, पुणे

नमस्कार.

बाकीचं बोलण्याआधी एक काम सांगतो, ते आजच करा. ते अ‍ॅप अण्णांच्या फोनमधून खरोखर गेलंय का? "काढून टाकलं" एवढ्यावर विसंबू नका. अशी अ‍ॅप पडद्यावरचं आपलं चिन्ह लपवतात आणि आत चालू राहतात. त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली गेली असेल, तर बँकेचा प्रत्येक मेसेज आजही भलतीकडे जात असेल. म्हणून आधी बँकेला फोन करून अण्णांचं डेबिट कार्ड बंद करायला सांगा, नवीन मागवा. मग गावात जो कुणी फोनमधला जाणता भाचा-पुतण्या असेल त्याला बसवा. त्या मेसेजचे आणि फोन नंबरचे फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतील. अण्णांचे फोटो आणि नंबर जपून ठेवून फोन पूर्ण रिसेट करा. त्यानंतर ##002# डायल करा, म्हणजे त्यांच्या नंबरवरचे कॉल कुठे वळवलेले असतील तर ते रद्द होतील. यूपीआयचा पिन आणि नेट बँकिंग असेल तर त्याचा पासवर्ड बदलायचा तो रिसेटनंतरच. आधी बदललात तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल.

आता त्या चार दिवसांबद्दल.

मी बँकेत एकोणतीस वर्षं होतो, शेवटची अकरा शाखाधिकारी म्हणून. फसलेली माणसं समोरच्या खुर्चीवर बसून रडताना पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी पहिले काही तास, कधी काही दिवस, कुणाला सांगण्यात नव्हे तर न सांगण्यात घालवलेले असत. आणि पैसे परत मिळणार की नाही, हे त्याच तासांत ठरतं.

ते कसं, हे नीट समजून घ्या, कारण अण्णांना सांगायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. खात्यातून गेलेली रक्कम भामट्याच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. ती जाते कुणा गरजू माणसाकडून थोड्या पैशांवर भाड्याने घेतलेल्या खात्यात. तिथून तिचे तुकडे होऊन दोन-चार खात्यांत, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख. १९३० या नंबरवर फोन केला की तिथला माणूस खातं, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारून नोंद करतो. ती नोंद ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेपर्यंत पोहोचते आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखून धरली जाते. पुढच्या खात्यात गेली असेल तर नोंद तिच्यामागे जाते. पण प्रत्येक टप्प्यावर "शिल्लक असेल तेवढीच" हे लक्षात घ्या. पंधरा मिनिटांत फोन गेला तर बरंच काही हाती लागू शकतं. चार दिवसांनी त्या खात्यात बहुधा काहीच नसतं.

म्हणजे अण्णांकडून एक चूक त्या संध्याकाळी झाली आणि दुसरं नुकसान पुढच्या चार दिवसांत झालं. पहिल्याला भामटा जबाबदार आहे. दुसऱ्यामागे काय होतं? तुम्हाला दुखवायला विचारत नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक सूचनेच्या पोटात एक न लिहिलेलं वाक्य होतं, की इतकं सांगूनही जो फसतो तो मूर्ख. अण्णांनी ते वाक्य वाचलं होतं. म्हणून ज्या क्षणी त्यांना तुमची सर्वांत जास्त गरज होती, त्याच क्षणी तुम्हाला फोन लावणं त्यांना सर्वांत जड गेलं असणार.

तुमची आणखी एक समजूत मला तपासून पाहावीशी वाटते. शिकलेला माणूस फसत नाही, ही. हा विजेचा मेसेज ज्याची तीन-तीन बिलं थकलेली असतात त्याला घाबरवू शकत नाही. तो म्हणतो, तोडा. घाबरतो तो ज्याने आयुष्यात कधी तारीख चुकवलेली नाही. माझा अंदाज आहे की अण्णांनी लाइट बिल कधी शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं नसेल आणि पावत्या तारेला लावून जपल्या असतील. त्यांना धक्का बसला तो "आपलं बिल थकलं" या शब्दांचा. भामट्याने त्यांच्या अडाणीपणावर नव्हे, चोखपणावर हात टाकला.

आणि पुढे जे घडलं असेल ते साधारण असं. फोन उचलणारा माणूस अदबीने बोलतो, "काका" म्हणतो. तुमचं बिल भरलेलं दिसतंय, फक्त सिस्टीमला अपडेट झालेलं नाही, असं म्हणतो. ही फार हुशारीची चाल आहे, कारण अण्णांना हवं तेच त्याने कबूल केलं. तुमची चूक नाही, काका. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. नाव विजेच्या खात्याशी मिळतंजुळतं, शेवटी .apk. ती उघडली की फोन इशारा देतो, पण तो माणूस लाइनवर असतो आणि "हो म्हणा काका" सांगत असतो. अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं. मग दहा रुपयांचा फॉर्म येतो, त्यात कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे. दहा रुपयांसाठी कोण संशय घेणार? ते दहा रुपये नावाला असतात, हवे असतात ते फॉर्ममधले आकडे. त्या कार्डावर तिकडे मोठी खरेदी सुरू होते, बँक ओटीपी अण्णांच्या फोनवर पाठवते आणि ते अ‍ॅप तो वाचून पुढे धाडतं.

इथे थोडं थांबा. तुमच्या सूचनांत पहिलं वाक्य कुठलं असणार? "ओटीपी कुणालाही सांगू नका." अण्णांनी तो कुणालाही सांगितला नव्हता. आजही विचारलंत तर ते हेच म्हणतील आणि खरं बोलत असतील. त्यांच्या मते त्यांनी नियम पाळला होता. एक-दोन-तीन अशी यादी भामट्याच्या जुन्या वाटा सांगते आणि तो नव्या वाटेने येतो. पुढच्या वेळी वीज नसेल. लग्नपत्रिकेची फाइल असेल, वाहनाच्या दंडाची पावती असेल, नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला "घरबसल्या" करून देणारा कुणी असेल. पेन्शन बंद होईल म्हटल्यावर अण्णा पुन्हा तितकेच घाबरतील. तुम्ही किती याद्या पाठवणार?

तेव्हा रोजचे मेसेज थांबवा आणि या शनिवार-रविवारी गावी जा. फोनवर हे होणार नाही.

गेल्यावर लगेच विषय काढू नका. जेवण होऊ द्या. अण्णा ओसरीत किंवा अंगणात जिथे बसत असतील तिथे जाऊन बसा आणि आधी तुम्ही बोललेलं परत घ्या. माझी आई ८४ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्यावर असाच प्रसंग येऊन टळला होता, तेव्हा मी तिच्याशी जे बोललो त्यावरून तुमच्यासाठी हे लिहितो आहे. शब्द तुमचे घाला, पण क्रम शक्यतो हाच ठेवा.

"अण्णा, त्या दिवशी मी फोनवर जे बोललो ते चुकीचं होतं. मला पैशांचा राग नव्हता आला. तुम्ही चार दिवस एकट्याने ते मनात घेऊन हिंडलात आणि मला पत्ता नव्हता, त्याचा त्रास झाला आणि बाहेर मात्र राग आला. तुम्ही आम्हाला शाळेची फी कधी उशिरा भरू दिली नाहीत. तो माणूस नेमकं तिथेच बोट ठेवून बोलला. मला तसा मेसेज भर कामात आला असता तर मीही फोन लावला असता.

मला एकदा सगळं पहिल्यापासून सांगा. मध्ये बोलणार नाही. तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, कुठे तुम्हाला वाटलं की काहीतरी गडबड आहे. कारण तसं वाटलं असणारच. तो क्षण कुठला होता ते मला ओळखायचं आहे, माझ्याही कामी येईल."

हे विचाराल तेव्हा खरंच गप्प बसा. बहुतेक माणसांना तो क्षण आठवतो. आवाजातली घाई, मागे ऐकू येणारे इतर फोन, हिंदी बोलणारा वीज कर्मचारी, फोनने दिलेला इशारा. अण्णा तो क्षण स्वतःच्या तोंडाने सांगतील तेव्हा तो त्यांचा धडा होईल, तुम्ही शिकवलेला राहणार नाही. मुख्याध्यापकाला हा फरक कळतो. मग पुढे बोला.

"अण्णा, आता मला समजलेल्या दोन गोष्टी सांगतो. विजेचा कायदा आहे २००३चा, त्याच्या कलम ५६मध्ये लिहिलंय की बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी ग्राहकाला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. म्हणजे 'आज रात्री साडेनऊ' हे कुणी म्हणालं की तिथेच ते खोटं ठरलं, पुढे बोलायची गरजच नाही. आणि महावितरणचा मेसेज येतो तेव्हा वर पाठवणाऱ्याच्या नावात MSEDCL असतं, दहा आकडी मोबाइल नंबर नसतो. बिल खरंच भरलं गेलंय की नाही हे विचारायचं तर १९१२ला लावायचं, मेसेजमधल्या नंबरला नाही.

दुसरी गोष्ट. बँक असो, वीज असो, पेन्शन असो, पोलीस असोत, काम खरं असेल तर ते उद्या सकाळीही तसंच असतं. तुम्ही फोन ठेवून जाऊन विचारू शकता. खोटं असेल तर समोरचा फोन ठेवू देत नाही. आणि जो म्हणेल की मुलाला सांगू नका, घरात कुणाला सांगू नका, तो चोरच, अण्णा. मग त्याच्या अंगावर पोलिसाचा गणवेश दिसला तरी. व्हिडिओ कॉलवर अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

आणि एक माझी विनंती. पैशाचं काहीही असलं, शंका असली किंवा देऊन झालेले असले, तरी मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असलो तर लागोपाठ दोनदा रिंग द्या, मी उठून बाहेर येईन. पैसे गेले असले तर आधी १९३०ला लावा, मग मला. मी पहिलं वाक्य 'बरं झालं लगेच सांगितलंत' हेच बोलेन. हे मी तुम्हाला वचन देतो."

हे शेवटचं वचन पाळणं तुमच्या हातात आहे. एकदा जरी त्यांनी फोन केला आणि तुमच्या आवाजात कंटाळा आला, की पुढचा फोन येणार नाही. पुष्कळदा ते क्षुल्लक गोष्टीसाठी करतील. बँकेचा खरा मेसेज घेऊन विचारतील, कुरिअरवाल्याचा फोन आला म्हणून विचारतील. त्या प्रत्येक वेळी नीट उत्तर द्या. असे दहा निरर्थक फोन तुम्ही प्रेमाने घेतलेत, तरच अकरावा खरा फोन पंधराव्या मिनिटाला येईल.

आईलाही या बोलण्यात बसवा. घरात पासबुक भरून आणणारं कुणी आहे आणि ते वाचणारंही, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतं. चार दिवसांचे दहा दिवस झाले नाहीत ते तिच्यामुळे. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोन ठेवायच्या जागी भिंतीला लावा, खाली तुमचा आणि गावातल्या भाच्याचा नंबर. कागदावर एवढंच हवं. घाबरलेला माणूस यादी वाचत नाही.

आता व्यवहार तुमच्याकडे घेण्याबद्दल. मला ते पटत नाही, आणि त्याला भावनेपलीकडचंही कारण आहे. पैसे वर सांगितलं तसे कार्डावरून गेले असतील, तर यूपीआय बंद करून ती वाट बंद होतच नाही. पासबुकात त्या दिवशीच्या नोंदीसमोर काय लिहिलंय ते आधी बघा. मग दार कुठलं उघडं होतं ते कळेल.

शिवाय विचार करा. ज्या माणसाने चाळीस वर्षं शाळेचा हिशेब सांभाळला, त्याला दुधाच्या पैशांसाठी मुलाला पुण्याला फोन करावा लागला तर तो काय करेल? एक तर मनाने खचेल, नाहीतर तुमच्या नकळत दुसरी वाट काढेल. शेजाऱ्याच्या पोराला कार्ड आणि पिन देऊन पैसे काढून आणायला सांगणारे कितीतरी ज्येष्ठ मी पाहिलेत. ती वाट यूपीआयपेक्षा जास्त धोक्याची.

त्याऐवजी घरात पूर्वी जसं होतं तसं करा. रोजच्या खर्चाचा डबा वेगळा आणि ठेवणीतला ट्रंकेत. पेन्शन जमा होते ते खातं ट्रंक समजा. त्यावर यूपीआय नको. त्याच्या कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेमुळे २०२०पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावी लागते, आणि दिवसाची मर्यादाही कमी करता येते. एटीएममधून पैसे काढणं तसंच चालू राहतं. त्या खात्याचं नेट बँकिंग अण्णा वापरत नसतील तर शाखेत अर्ज देऊन बंद करा. हे विसरू नका, कारण भामट्याच्या हाती नेट बँकिंग लागलं तर तो मुदत ठेवी ऑनलाइन मोडून ते पैसे बचत खात्यात आणतो आणि मग उचलतो. "बचत खात्यात वीसच हजार आहेत, जाऊन जाऊन किती जातील" असं म्हणणाऱ्यांच्या ठेवी अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. ठेव शाखेत येऊन सही केल्याशिवाय मोडता येऊ नये अशी सोय तुमच्या शाखेत आहे का, ते विचारा.

दुसरं एक लहान खातं उघडा, जमलं तर वेगळ्या बँकेत. त्यात महिन्याला सात-आठ हजार टाका. फोनवरचं यूपीआय फक्त या खात्याला जोडा. दूध, भाजी, औषधं, लाइट बिल, रिचार्ज सगळं यातून. पुन्हा फसले तरी जाईल ते एवढंच, आणि अण्णांचा व्यवहार त्यांच्या हातात राहील. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनावर पक्की ठसवा. खात्यातली शिल्लक बघणं सोडलं, तर यूपीआयचा पिन टाकला की आपले पैसे जातातच. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही.

हे सगळं शाखेत अण्णांनी स्वतः बोलून करावं. तुम्ही शेजारी बसा. अर्जावर सही त्यांची, प्रश्नही त्यांचे. मी खुर्चीवर असताना मुलं आईवडिलांच्या वतीने बोलायला लागली की मी मुद्दाम ज्येष्ठांकडे वळून विचारत असे. त्याला एका बाईंचा प्रसंग कारण होता. त्या एका दुपारी सहा लाखांची ठेव मोडायला आल्या होत्या. कारण सांगेनात. पर्समधला फोन चालू होता, हे आमच्या काउंटरवरच्या मुलीच्या लक्षात आलं. तिने काहीच विचारलं नाही. कागदावर "तुम्हाला कुणी घाबरवतंय का?" एवढं लिहून कागद पुढे सरकवला. बाईंनी मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून कुणीतरी "पोलीस" त्यांना फोनवर धरून बसला होता. त्यांच्या मुलाला आम्ही कळवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "आईने मला का नाही सांगितलं?" बाई हळूच म्हणाल्या, "तो ओरडला असता."

तुमच्या ४८,५०० रुपयांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. तरीही तक्रार करा. cybercrime.gov.in वर नोंदवा, नोंद क्रमांक घ्या आणि त्याची प्रत जोडून बँकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७मध्ये ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल नियम घालून दिले. दोष ग्राहकाचा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर त्याला तोशीस लागत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने माहिती बाहेर गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. अण्णांच्या बाबतीत बँक दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवेल हे उघड आहे. त्यांनी ओटीपी कुणाला सांगितला नव्हता, तो परस्पर वाचला गेला, हे अर्जात स्पष्ट लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. किती मिळेल सांगता येत नाही. पण ती तक्रार नोंदली गेली की ते भाड्याचं खातं आणि तो नंबर नोंदीत येतो, आणि अण्णांनाही आपण गप्प बसलो नाही असं वाटतं. अर्ज त्यांच्याच अक्षरात लिहू द्या.

एका गोष्टीची मात्र त्यांना आधीच कल्पना द्या. जो एकदा फसला त्याचा नंबर या लोकांत फिरतो. येत्या काही महिन्यांत कुणी "सायबर विभागातून" किंवा "लोकपाल कार्यालयातून" बोलतोय म्हणून फोन करेल. तुमचे ४८,५०० परत आलेत, फक्त प्रक्रियेचे दोन हजार भरा, असं म्हणेल. त्याला आकडा अचूक माहीत असेल, म्हणून अण्णांना खरं वाटेल. तुमच्यापासून लपवलेली चूक स्वतःच निस्तरायची संधी म्हणून ते त्याकडे बघतील, हा त्यातला खरा धोका. गेलेले पैसे परत देण्यासाठी कुणीही पैसे मागत नाही. एवढं वाक्य बोलण्याच्या ओघात दोन-तीनदा येऊ द्या.

आणि पुढचं लाइट बिल येईल तेव्हा गावी असण्याचा प्रयत्न करा. महावितरणचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरून तुम्ही दोघं मिळून घ्या. ग्राहक क्रमांक बिलावरून अण्णांना वाचू द्या, त्यांनाच टाकू द्या. रक्कम कागदी बिलाशी ताडून बघायला सांगा. पिन ते टाकतील तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघा. त्यांचा हात थोडा थरथरेल. घाई करू नका, फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. पावती आली की ती आईला दाखवायला त्यांनाच आत जाऊ द्या.